तुम्ही विचारलंत म्हणून: इसबगोल, ओट्स आणि हट्टी एलडीएल

“मॅडम, तीन महिने ओट्स खातोय, रात्री इसबगोल घेतोय, तरी एलडीएल हलेना. चोथ्यानं ते खरंच किती उतरतं ओ?”

एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं, पण पाच ते दहा टक्के. सगळं नीट जमलं तर त्याहून थोडं जास्त. म्हणजे १६० असेल तर १४५ ते १५० पर्यंत येईल, १०० वर येणार नाही. हे ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो, हे मला ठाऊक आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या पदरात तेवढंही पडत नाही, आणि त्यात दोष चोथ्याचा नसतो. प्रमाण चुकतं आणि वेळ चुकते.

हा प्रश्न अलीकडे एका यंत्रमाग कारखान्यातल्या जॉबरनं विचारला होता. वय चोपन्न. साखर नाही, बीपी नाही, तंबाखू नाही. जूनमध्ये एलडीएल १६२ निघालं. डॉक्टरांनी गोळी लगेच न देता खाणं सुधारायला वेळ दिला. सप्टेंबरमध्ये परत तपासलं तर १५९. तो कागद माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, “आमच्याकडं तीन पिढ्या ज्वारीची भाकरी. चोथा आम्हाला शिकवू नका.”

ज्वारीबद्दल मी सोलापुरात वाकडं बोलणार नाही. पण एलडीएलच्या कामाला लागतो तो पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा चोथा, आणि ज्वारीतला बहुतेक चोथा विरघळत नाही. तो पोट साफ ठेवतो, भूक लवकर लागू देत नाही, पण कोलेस्टेरॉलच्या वाटेला फारसा जात नाही. शिजलेल्या ओट्सची लापशी गार झाल्यावर चमच्याला चिकटते, इसबगोल पेल्यात दहा मिनिटं ठेवला की लगदा होतो. भाकरीचं तसं काही होत नाही. चिकटपणा हीच खूण.

हा चिकटपणा काय करतो ते समजलं की वेळेचं महत्त्व आपोआप कळतं. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं आणि ती पित्तरसात सोडतं. (आपल्याकडे ‘पित्त झालं’ म्हणजे घशाशी आंबट येणं. ते वेगळं.) आपण जेवलो की हा पित्तरस चरबी पचवायला आतड्यात उतरतो, आणि काम झालं की त्यातली सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषली जाऊन परत यकृतात जातात. तेच पुन्हा पुन्हा वापरलं जातं. मध्ये चिकट लगदा आला की त्यात अडकलेली काही पित्ताम्लं शौचावाटे निघून जातात. तूट भरायला यकृताला नवीन बनवावी लागतात, त्यासाठी कोलेस्टेरॉल हवं, म्हणून ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. पण यकृत हुशार आहे. ते तेवढ्यावर थांबत नाही, स्वतःही थोडं जास्त कोलेस्टेरॉल तयार करायला लागतं. म्हणून हा परिणाम एका मर्यादेपलीकडे जात नाही. वाढीव इसबगोल कितीही गिळला तरी एलडीएल अर्ध्यावर येणार नाही.

आता जॉबरकाकांचा हिशेब. रात्री नऊला जेवण, साडेदहाला झोपताना गरम पाण्यातून एक चमचा इसबगोल. आपल्याकडे सगळे असाच घेतात, कारण तो बद्धकोष्ठाचं औषध म्हणून घरात आला. पण तोवर जेवणासोबतचा पित्तरस उतरून बराच पुढे गेलेला असतो. इसबगोल जेवणाबरोबर घेतला तर कोलेस्टेरॉल उतरतं आणि दोन जेवणांच्या मध्ये घेतला तर उतरत नाही, हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. शिवाय मी त्यांना घरचा चमचा आणायला सांगितलं आणि माझ्या छोट्या वजनकाट्यावर इसबगोल मोजला. दोन ग्रॅमही भरेना. टरफल पिसासारखं हलकं असतं, चमचा भरलेला दिसतो आणि वजन काहीच नसतं. अभ्यासांमध्ये वापरतात ते दिवसाला सुमारे दहा ग्रॅम.

ओट्सचं म्हणाल तर ते मसाला ओट्सचं पाकीट, आठवड्यातून चार दिवस. ओट्समध्ये काम करतो तो बीटा-ग्लुकॅन नावाचा घटक, शंभर ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये साधारण चार ग्रॅम. अमेरिकेच्या एफडीएनं १९९७ साली ओट्सच्या पाकिटावर हृदयाचं नाव घ्यायची परवानगी दिली ती रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकॅन धरून. म्हणजे पाऊणशे ग्रॅम कोरडे ओट्स, रोज. मोठा वाडगा होतो. चाळीस ग्रॅमच्या पाकिटात मसाला आणि इतर गोष्टी वजा केल्या तर ओट्स तीसेक ग्रॅम धरा, त्यात बीटा-ग्लुकॅन सव्वा ग्रॅमच्या आसपास. चार दिवसांचं सात दिवसांवर पसरलं की रोजचं पाऊण ग्रॅमसुद्धा नाही.

ढोबळ नियम असा की रोजच्या एक ग्रॅम विरघळणाऱ्या चोथ्यामागे एलडीएल दोनेक मिलिग्रॅम उतरतं. काकांचा इसबगोल आणि ओट्स मिळून दोन ग्रॅम, म्हणजे उतरणार चार. १६२ चे १५९ झाले, हिशेब बरोबर आला असं वाटेल. पण तोही खरा नाही. काहीही न बदलता एकाच माणसाचं एलडीएल आठवड्याच्या अंतरानं तपासलं तरी सात-आठ टक्के इकडेतिकडे होतं. १६० च्या घरात म्हणजे दहा-बारा अंक. त्यात तीनचा फरक म्हणजे काहीच घडलं नाही. मी त्या दोन्ही कागदांची सरासरी काढून सुरुवातीचा आकडा १६० धरला, आणि पुढच्या वेळी पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा, त्याच लॅबमध्ये, तसंच उपाशीपोटी तपासायचं ठरवलं.

मग बदललं काय? ओट्स त्यांना मनापासून आवडत नव्हते, ते सोडून दिले. त्याऐवजी सातू, म्हणजे जव, म्हणजे बार्ली. इथे एक घोळ होतो: दुकानात ‘सातूचं पीठ’ मागितलं तर पुष्कळदा भाजलेले गहू आणि डाळं दळून मिळतं, त्यात जव असेलच असं नाही. म्हणून बार्लीचे दाणे आणून गिरणीत दळून घ्यायला सांगितलं. पॉलिश केलेली बार्लीही चालते, कारण तिचा बीटा-ग्लुकॅन फक्त कोंड्यात नसतो, दाण्यात आतपर्यंत असतो. काका दिवसाला तीन भाकरी खातात, साधारण १८० ग्रॅम पीठ. त्यातलं एक तृतीयांश जवाचं केलं. रोज साठ ग्रॅम जव, त्यातून अडीच ग्रॅमच्या आसपास बीटा-ग्लुकॅन. भाकरी कडक होत नाही, ही काकूंची तक्रार खरी आहे. कडक भाकरी लागेल त्या दिवशी नुसती ज्वारी.

डाळ ते रोज खात होतेच, पण आमटी अशी की तळ दिसावा. वाटीभर पातळ आमटीत डाळ असते पंधरा-वीस ग्रॅम. कडधान्यांच्या अभ्यासात पाचेक टक्के उतार दिसतो तो रोज सुमारे १३० ग्रॅम शिजलेल्या कडधान्यावर, म्हणजे कच्चं पन्नास-साठ ग्रॅम. म्हणून रोज एक वाटी घट्ट उसळ: मटकी, हुलगे, हरभरे, आलटून पालटून.

आणि इसबगोल दोन्ही जेवणांच्या सुरुवातीला पाच-पाच ग्रॅम, प्रत्येक वेळी मोठा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच. पहिल्याच दिवशी दहा ग्रॅम घेतला तर पोट फुगतं आणि माणूस चौथ्या दिवशी सोडून देतो. आम्ही अडीच ग्रॅमपासून सुरू करून तीन आठवड्यांत वाढवला. कोरडा तोंडात टाकून वर पाणी प्यायचं नाही, तो घशात फुगून अडकू शकतो. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी याच्या वाटेलाच जाऊ नये. बाकीची औषधं इसबगोलच्या दोन तास आधी किंवा नंतर. थायरॉईडच्या गोळीला चार तासांचं अंतर हवं, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. आणि डब्यावर सोनामुखी किंवा सनाय लिहिलेली असेल तर तो डबा परत करायचा. ते जुलाबाचं औषध आहे, रोज घ्यायचं नाही.

कागदावर बेरीज केली तर इसबगोलचे बारा-तेरा, जवाचे पाच-सहा, कडधान्याचे आठ, असे पंचवीसच्या वर अंक होतात. पण तिघेही बहुतांशी एकाच वाटेनं काम करतात, त्यामुळे बेरीज पूर्ण लागू होत नाही. मी त्यांना पंधरा ते वीस सांगितले होते. डिसेंबरमध्ये पहिल्या तपासणीत १४३, पंधरा दिवसांनी १३८. सरासरी धरली तर वीसेक अंक, बारा टक्के. त्यात दोन किलो वजन उतरलं त्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय मी इसबगोलला देणार नाही. धोका कमी असलेल्या माणसाला एवढं पुरतं असं त्यांच्या डॉक्टरांना वाटलं, गोळी लांबली.

त्यांच्या मेहुणीचं मात्र पुरणार नव्हतं. तिचंही एलडीएल १६० च्या घरात, पण दहा वर्षांचा मधुमेह. तिथे डॉक्टरांना एलडीएल १०० च्या खूप खाली हवं असतं आणि तो उतार स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा आहे, चोथ्याचा नाही. स्टॅटिनच्या नेहमीच्या डोसनं तीस ते पन्नास टक्के उतरतं. “गोळी बंद करून इसबगोल चालेल का” याला माझं उत्तर नाही असंच आहे. गोळीच्या जोडीला मात्र चालतो, आणि चांगला चालतो: स्टॅटिन यकृताला ते जादा कोलेस्टेरॉल बनवू देत नाही, म्हणजे मघाशी सांगितलेली पळवाट बंद होते. एका अभ्यासात दहा मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन अधिक इसबगोलनं जे साधलं, ते वीस मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिनइतकं होतं.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली, पाहुणे आले, काकांचा इसबगोल बंद पडला, जवाचं पीठ संपलं ते परत दळलं गेलं नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस एलडीएल १५६. पित्ताम्लं रोज परत शोषली जातात, मग रोज अडवणारं कोणीतरी लागतं, मागची पुण्याई चालत नाही.

“पण मधे महिनाभर हुरडा खाल्ला की ओ मॅडम,” काका म्हणाले. “तो पण चोथाच की.”

मी त्यांना परत ज्वारीपासून सांगायला सुरुवात केली. काकू मात्र बार्ली किती किलो आणायची ते विचारून उठल्या.