डावीकडे गुलाबी, खाली हिरवं

गाणं आठवत नाही, बँडचं नाव आठवत नाही, पण कव्हर मात्र लख्ख आठवतंय असं म्हणणारी माणसं माझ्या ओळखीत भरपूर आहेत. ही सगळी मंडळी शोधाशोध माझ्यावर टाकून मोकळी होतात, कारण जुन्या एलपी चाळत बसायचा नाद मला आहे हे सगळ्यांना माहितीये. परवा मामाचा व्हॉइस मेसेज आला. हॉस्टेलला असताना शेजारच्या खोलीतल्या मुलाच्या भावाने लंडनहून एक रेकॉर्ड आणली होती, ब्लॅक अँड व्हाइट फोटो होता, एक माणूस आणि गिटार, आणि त्यावर गुलाबी आणि हिरवी अक्षरं. "बघ ना जरा, तुला दोन मिनिटांचं काम." दोन मिनिटांचं म्हणे!

माणूस आणि गिटार यावर तर काहीच शोधता येत नाही, कारण निम्म्या रॉक अल्बमांवर हेच असतं. ब्लॅक अँड व्हाइट फोटोसुद्धा फारसा उपयोगाचा नाही. पण गुलाबी आणि हिरवा हे दोन रंग एकत्र, तेही फोटोत नाही तर नुसत्या अक्षरांत, म्हटल्यावर मी जरा सावरून बसले. फोटोतलं चित्र लोक नंतर मनातल्या मनात बदलत राहतात, गिटार नसली तरी गिटार घालतात, दोन माणसं असतील तर एकच उरवतात, पण अक्षरांचा रंग आणि ती कुठे होती हे माझ्या अनुभवात बऱ्यापैकी टिकतं. छटेचं काही खरं नसतं हां, गुलाबीचा लाल होतो आणि पोपटीचा पिस्ता होतो. पण गुलाबीचा निळा झालेला मी तरी अजून ऐकला नाही.

मग मी मामाला फोन लावला, आणि एक पथ्य पाळलं की कुठलाही फोटो पाठवायचा नाही. हे फार महत्त्वाचं आहे. एकदा तुम्ही "हे का?" म्हणून कव्हर पाठवलं की समोरच्याच्या डोक्यातलं जुनं चित्र पुसलं जातं आणि त्याजागी तुम्ही पाठवलेलं बसतं, मग तो "हो हो, हेच हेच" म्हणतो आणि दोन दिवसांनी ऐकून म्हणतो की छे, ही गाणी नव्हती. प्रश्नसुद्धा असे विचारायचे की ज्यात उत्तर लपलेलं नसेल. "गुलाबी अक्षरं डावीकडे होती का?" असं विचारलं तर कुणीही हो म्हणेल, त्यापेक्षा "अक्षरं कुठे होती, सांग" म्हटलं की माणूस डोळे मिटून आठवायला लागतो.

मामाने आठवलं. "अगं, गुलाबी डाव्या कडेला, वरून खाली. आणि हिरवी खालच्या कडेला, आडवी." मी विचारलं, वरून खाली म्हणजे शब्द आडवा पाडून लिहिला होता, का एकेक अक्षर सरळ उभं ठेवून एकाखाली एक? तो जरा थांबला. "एकाखाली एक. मोठी मोठी, कॅपिटल. साधीच, वळणबिळण काही नाही."

इथे मला अर्धं उत्तर मिळालं, आणि अडचण अशी की या वर्णनाची उत्तरं दोन आहेत. पहिला एल्व्हिस प्रेस्लीचा पहिला अल्बम, १९५६ सालचा, आरसीए व्हिक्टर कंपनीचा. डाव्या कडेला गुलाबीत ELVIS, खाली हिरव्यात PRESLEY. दुसरा द क्लॅश या इंग्लिश बँडचा 'लंडन कॉलिंग', १९७९ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये आलेला. डावीकडे गुलाबीत LONDON, खाली हिरव्यात CALLING. ही नक्कल उघड आणि मुद्दाम केलेली आहे, रे लोरी नावाच्या व्यंगचित्रकाराने हे कव्हर केलं आणि त्याने सरळ एल्व्हिसचा साचा उचलला. खालच्या शब्दात दोन्हीकडे सात सातच अक्षरं आहेत, त्यामुळे तो तर अगदी मापात बसलाय. डावीकडे एल्व्हिसची पाच आणि लंडनची सहा, तेवढी चेपाचेप चालते.

शिवाय या साच्याची पुढेही पिल्लं झालीत. क्लॅशमधलाच मिक जोन्स पुढे बिग ऑडिओ डायनामाइट नावाचा बँड चालवायचा, त्यांच्या १९९५ च्या 'एफ-पंक' वर हाच थाट आहे, आणि के. डी. लँग या गायिकेच्या २००६ च्या 'रीइनटार्नेशन' वर पुन्हा तेच. पण मामाने हॉस्टेल ८५ साली सोडलं. म्हणजे त्यानंतर निघालेलं काहीही असलं तरी ते आपोआप बाद. माणसाने कव्हर कधी पाहिलं हे कळलं की वर्षांची एक बाजू बंद होते, आणि हे विचारायला लोक नेमके विसरतात, आधी सर्चमध्ये शब्द ठोकत बसतात.

सर्चचं पण सांगते. डिस्कॉग्जसारख्या साइटवर देश, साल, फॉरमॅट लावून चाळता येतं, पण कव्हरचा रंग टाकून शोधायची सोय तिथे नाही. त्यामुळे साध्या गूगलवर जाऊन फोटोतल्या माणसाला पूर्ण सोडून द्यायचं आणि फक्त अक्षरांचं वर्णन लिहायचं, अंदाजे असं:

```
album cover pink letters down left side green letters bottom
```

"man with guitar black and white" टाकलंत तर संध्याकाळपर्यंत स्क्रोल करत बसाल.

आता दोन्हीपैकी कुठला हे ठरवायचं होतं. मी मामाला विचारलं, माणसाचा चेहरा कसा होता? तर म्हणे, "चेहरा नाही गं आठवत." मला तर हे ऐकून आनंदच झाला. कारण एल्व्हिसच्या कव्हरवर चेहरा हाच सगळा मामला आहे, डोळे मिटलेले, तोंड आ वासलेलं, इतकं की घशापर्यंत दिसतंय, आणि गिटार अंगाशी धरलेली. तो फोटो १९५५ च्या जुलैमध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा इथल्या कार्यक्रमातला आहे. ते कव्हर बघून कुणी चेहरा विसरेल हे मला पटत नाही. उलट 'लंडन कॉलिंग' वर चेहरा दिसतच नाही. क्लॅशचा बास गिटार वाजवणारा पॉल सिमनन कमरेत वाकलाय, डोकं खाली, पाय फाकवलेले, आणि हातातला बास कुऱ्हाडीसारखा धरून स्टेजवर आपटायच्या बेतात आहे. फोटो न्यूयॉर्कच्या पॅलेडियममधला, सप्टेंबर १९७९ चा, पेनी स्मिथने काढलेला. प्रेक्षकांना खुर्च्यांवरून उठू देत नव्हते म्हणून सिमनन वैतागला होता असं त्यानेच नंतर सांगितलंय. फोटो नीट फोकसमध्ये नाही म्हणून पेनी स्मिथ तो कव्हरवर घ्यायला तयार नव्हती, पण गायक जो स्ट्रमर आणि लोरी यांनी तिला पटवलं. ते बरंच झालं, नीट फोकसमधला असता तर फक्त एक गिटारवाला दिसला असता.

तरी मी लगेच नाव सांगितलं नाही. "गिटार वाजवत होता का?" असं विचारायचा मोह झाला होता, पण मग तो हो म्हणाला असता. मी म्हटलं, हात कुठे होते? मामा म्हणाला, "दोन्ही हातांनी धरलेली होती... दांड्याला. वाजवत नव्हता बहुतेक." मग मी शेवटचं विचारलं, आतून किती तबकड्या निघाल्या? "दोन. हो, दोन होत्या, आम्ही एक लावायचो आणि दुसरी बेडवर पडलेली असायची, त्यावरून शिव्या खायचो." संपलं. एल्व्हिसची एकच तबकडी आहे आणि त्यात बारा गाणी. 'लंडन कॉलिंग' डबल आहे, एकोणीस गाण्यांचा, आणि त्यातलं शेवटचं गाणं इतक्या उशिरा घातलं की सुरुवातीच्या कव्हरवरच्या यादीत ते छापलंच गेलं नाही. बँडने तो डबल असूनही सिंगलच्या भावात विकायला लावला होता, म्हणून शेजारच्या खोलीतल्या मुलाच्या भावाला तो परवडला असणार असं आपलं माझं मत.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, हे सगळं जमलं कारण मामाने एलपी पाहिली होती. त्याने कॅसेट पाहिली असती तर मी इतक्या खात्रीने बोलले नसते. एलपीचं कव्हर चौकोनी, कॅसेटचा कागद उभट, त्यामुळे कंपन्या काय करायच्या तर फोटो लहान करून वर बसवायचे आणि नाव खाली वेगळ्याच साध्या टायपात छापायचे, नाहीतर कडा कापून टाकायचे. म्हणजे "डावीकडे उभी अक्षरं" हा जो पुरावा आहे तोच कॅसेटवर कापला गेलेला असू शकतो. त्यामुळे रंग विचारायच्या आधी मी आता कव्हर हातात केवढं होतं ते विचारते. छटेचंही तसंच आहे, एल्व्हिसच्या वेगवेगळ्या छपाईंत गुलाबी कुठे फिकट आहे, कुठे भडक, आणि वर चाळीस वर्षं ऊन खाल्लेल्या कव्हरचा काय भरोसा. गुलाबी आणि हिरवा ही जोडी जुळली की बास, शेड कार्ड घेऊन बसायचं नाही.

मग मी फोटो पाठवला. मामाने पाहिला, पाच मिनिटं काही बोलला नाही, मग फोन आला. "हाच! पण आमच्याकडचा माणूस उजवीकडे तोंड करून होता असं वाटायचं." तोंडच दिसत नाही मामा, मी म्हटलं. "ते खरं," तो म्हणाला, आणि लगेच पुढचं काम दिलं. त्याच खोलीत आणखी एक होती म्हणे, पांढरं कव्हर, मधोमध एक पिवळं केळं, आणि खाली कोपऱ्यात गायकाचं नाव, अँडी वॉरहोल.

आता मामाला कसं सांगायचं की १९६७ च्या त्या कव्हरवर समोर बँडचं नावच नाही, बँड द व्हेल्वेट अंडरग्राउंड आणि सोबत निको ही गायिका, आणि कोपऱ्यातली ती सही केळं काढणाऱ्या चित्रकाराची आहे. सांगितलं. तर म्हणे, "ते ठीक आहे गं, पण या वॉरहोलची बाकीची गाणी कुठे मिळतील?"