व्हॅटिकन परिषद कोणत्या रकान्यात?

सेमिनरीत मला निबंध मिळाला: ‘इतर धर्मांविषयी कॅथलिक भूमिका’. धर्मशास्त्रज्ञ ॲलन रेस यांनी १९८३मध्ये मांडलेलं, इतर धर्मांविषयीच्या ख्रिस्ती भूमिकांचं वर्गीकरण वापरायचं होतं. तारणासाठी, म्हणजे पापातून सुटून शाश्वत जीवन मिळण्यासाठी, ख्रिस्तावर उघड श्रद्धा हवीच, ही व्यावर्तक भूमिका. तारण ख्रिस्तामुळेच, पण त्याची कृपा त्याला न ओळखणाऱ्यांपर्यंतही पोचते, ही समावेशक. अनेक धर्म आपापल्या परीने तारणाचे खरे मार्ग आहेत, ही बहुलतावादी.

पहिली अडचण काळाची होती. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने ख्रिस्तसभेबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, शाश्वत जीवन नाही असं ठणकावून सांगितलं. १९५३मध्ये मात्र हेच वचन कडक अर्थाने धरून बसलेले अमेरिकेतले फादर लेनर्ड फीनी आज्ञाभंगासाठी बहिष्कृत झाले. म्हणून ‘कॅथलिक परंपरा’ असा एकच कप्पा न करता मी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुरताच, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या सभेपुरताच, निबंध ठेवला.

ख्रिस्तसभेविषयीच्या परिषदेच्या १९६४च्या ‘लुमेन जेन्शियुम’ या दस्तऐवजाचे चौदावा आणि सोळावा हे दोन परिच्छेद मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. चौदावा म्हणतो, तारणासाठी ख्रिस्तसभा आवश्यक आहे. सोळावा म्हणतो, स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान माहीत नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. वरवर एक व्यावर्तक, दुसरा समावेशक. पण चौदाव्यातला इशारा नीट वाचला की कळतं, तो ख्रिस्तसभा आवश्यक आहे हे जाणूनही तिला नाकारणाऱ्यांसाठी आहे. तिची ओळखच न झालेल्यांना तो लागू होत नाही. ही अट सोडून उतारा दिला तर परिषद दोन तोंडांनी बोलते असं वाटतं.

खरी मेहनत पुढे लागली. सोळावा परिच्छेद माणसांबद्दल बोलतो. मग त्या माणसाचा धर्म, त्याची प्रार्थना, त्याचा ग्रंथ कृपेचं साधन ठरतो का? कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ कार्ल राहनर याला हो म्हणतात: शुभवर्तमान खऱ्या अर्थाने पोचेपर्यंत तो धर्म कृपा पोचवू शकतो. परिषदेचं इतर धर्मांविषयीचं १९६५चं निवेदन ‘नोस्त्रा एताते’ हिंदू आणि बौद्ध धर्मांचा आदराने उल्लेख करतं, त्यांच्यात जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही असं म्हणतं. पण ते धर्म तारणाचे मार्ग आहेत असं कुठेही म्हणत नाही. राहनर आणि परिषद दोघेही ‘समावेशक’, तरी एवढं अंतर.

म्हणून मी प्रत्येक प्रश्नाला एक असे तीन रकाने आखून प्रत्येक उताऱ्याला तीन प्रश्न विचारले: कोण तरू शकतं? कोणामुळे? आणि त्यात त्याच्या धर्माचा हात आहे का? पहिल्या दोन प्रश्नांवर परिषद स्पष्ट समावेशक आहे. तिसऱ्यावर ती थांबते, आणि ते थांबणं मला मोलाचं वाटलं.

मसुदा वाचून मार्गदर्शक म्हणाले, “मग तिसरा रकाना रिकामा सोडणार?”

“हो फादर,” मी म्हणालो. “तिथे राहनरांचं उत्तर भरलं, तर ते परिषदेच्या नावावर जाईल.”