फिल्म बघून काकांनी आकडा खाली आणला

भोसरीतल्या एका कारखान्यात रस्ता सुरक्षेचं सत्र घ्यायला गेले होते. सेफ्टी ऑफिसरना आधी त्यांची फिल्म लावायची होती: ट्रकखाली गेलेली मोटरसायकल, रस्त्यावरचं रक्त, शेवटी टाहो फोडणारी बायको. "जरा घाबरले की घालतील हेल्मेट, मॅडम," ते म्हणाले. मी एवढंच मागितलं, की फिल्मच्या आधी आणि नंतर माझा एक बारा प्रश्नांचा कागद कामगारांकडून भरून घेऊ द्या.

त्या कागदामागे किम विट यांनी 1992 मध्ये मांडलेलं विस्तारित समांतर प्रक्रिया प्रतिमान आहे. भीतीचा संदेश समोर आला की माणूस आधी धोका जोखतो: हे किती गंभीर आहे, आणि माझ्यावर येऊ शकतं का? धोका किरकोळ वाटला तर विषय तिथंच संपतो. मोठा वाटला तर पुढचा सवाल येतो: सांगितलेला उपाय खरंच चालतो का, आणि मला तो जमेल का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर माणूस धोका आवरायला लागतो. नाही असेल तर भीती तशीच अंगावर राहते, आणि मग तो ती भीतीच आवरत बसतो. नजर वळवतो, थट्टा करतो, सांगणाऱ्यावर चिडतो. कागदावर या चार गोष्टींचे प्रत्येकी तीन प्रश्न असतात आणि एक ते पाच असे गुण द्यायचे असतात.

फिल्म चालू असताना मी पडद्याकडे नाही, माणसांकडे बघत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "प्यायलेला असणार तो." वेल्डिंगमधले एक काका, चाकणहून रोज गाडीवर येणारे, तोंडावर रुमाल धरून फरशीकडे बघत होते.

त्यांचे दोन्ही कागद मी शेजारी ठेवले. 'डोक्याला मार लागला तर जीव जाऊ शकतो' याला आधीही पाच, नंतरही पाच. 'माझ्या बाबतीत असं होऊ शकतं' याला आधी चार होते, फिल्मनंतर दोन! 'हेल्मेटनं जीव वाचतो' याला तीन आणि 'रोज घालणं मला जमेल' याला एक, दोन्ही वेळा तेच. ऑफिसर म्हणाले, "बघा, यांना भीतीच वाटत नाही. अजून कडक फिल्म हवी." नुसता नंतरचा कागद बघितला तर कोणालाही असंच वाटेल. पण ज्याला भीती वाटत नाही तो रुमाल तोंडाला लावून फरशीकडे बघत नाही. काकांनी धोका नाकारला होता, कारण त्यातून सुटायची वाट त्यांना दिसत नव्हती. अजून कडक फिल्मनं ते अजून घट्ट नाकारतील.

"जमेल ला एकच का दिलात, काका?"

"ठेवू कुठं, मॅडम? आत नेऊ देत नाहीत. गाडीला लटकवलं तर चोरीला गेलं. आणि घालून तरी काय, सैलच असतं ते."

ते सैल असणं मला बघायचं होतं. पट्टा लावून हेल्मेट मागून वर आणि पुढे ढकललं, तर ते थेट कपाळावरून निसटून हातात आलं. म्हणजे उपायावरची त्यांची शंका रास्त होती. ते हेल्मेट पहिल्याच धक्क्यात निघालं असतं. मग एक मापाचं घातलं, पट्टा आवळला आणि पुन्हा तसंच ढकललं. हललं नाही. हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची 69 टक्क्यांनी कमी होते, हा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यातला आकडा मी त्यानंतर सांगितला. त्याआधी सांगून काही उपयोग नव्हता. सिक्युरिटी केबिनशेजारी टोकन देऊन हेल्मेट ठेवायचा रॅक करायला व्यवस्थापन तयार झालं.

काकांनी कागद पुन्हा भरला. 'जमेल' ला चार. आणि 'माझ्या बाबतीत होऊ शकतं' हेही परत चारवर आलं. सुटकेची वाट दिसल्यावर धोका कबूल करणं त्यांना परवडलं.

संशोधनात यावर एकमत नाही, हेही सांगायला हवं. 2015 च्या, अनेक अभ्यास एकत्र जोखणाऱ्या एका मोठ्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये भीतीचे संदेश सरासरीनं उपयोगी ठरले आणि उलटा परिणाम दिसला नाही. उपाय सोबत दिला की ते जास्त चालले. 2013 च्या, फक्त वाहनचालकांवरच्या विश्लेषणात मात्र भीती वाढली, गाडी चालवणं बदललं नाही. मला वाटतं, सरासरीत काकांसारखी माणसं दिसत नाहीत, म्हणून आधीचा कागद हवाच.

आणि सगळेच काकांसारखे नसतात. त्याच हॉलमधल्या, जवळच राहणाऱ्या दोन पोरांनी 'माझ्या बाबतीत' ला फिल्मच्या आधीही एकच दिला होता. "दोन मिनिटांचा रस्ता आहे हो, मॅडम." रॅक त्यांच्या काहीच कामाचा नाही. त्यांच्यासाठी सुरुवात धोक्यापासूनच करावी लागेल, आणि तीही ट्रकखालच्या मोटरसायकलनं नाही, तर त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी होणाऱ्या अपघातांपासून.