बिल हातात, क्रेडिट मात्र पोर्टलवर नाही

सांगलीत माझं घरगुती विद्युत उपकरणांचं दुकान आहे. कोल्हापूरच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून दहा मिक्सर आणले होते. पक्कं बिल होतं, पैसे चुकते केले होते, मिक्सर विकलेही गेले. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर GSTR-2B, म्हणजे विकणाऱ्यांनी माझ्या नावावर दाखवलेल्या बिलांचा तक्ता, उघडलं, तर ते बिल त्यात नव्हतंच.

यात किती अडकतं हे समजायला एका मिक्सरचा हिशोब मुळापासून मांडतो. आकडे सोयीसाठी गोल केलेत. कर १८ टक्के, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा.

कारखानदाराने १,२०० रुपयांचा माल घेतला आणि त्यावर २१६ रुपये कर दिला. मिक्सर घाऊकवाल्याला २,००० ला विकताना त्याने ३६० कर घेतला आणि आधीचे २१६ वजा करून सरकारकडे १४४ भरले. घाऊकवाल्याने तो मला २,४०० ला दिला, वर ४३२ कर. त्याने ३६० ची वजावट घेऊन ७२ भरले. मी गिऱ्हाईकाला ३,००० ला विकून ५४० कर घेतला, त्यातून माझे ४३२ गेले की भरायचे उरतात १०८. आता २१६, १४४, ७२ आणि १०८ यांची बेरीज करा, बरोबर ५४० येते. सगळा कर गिऱ्हाईकाचाच. माझ्या वाट्याचे १०८ म्हणजे माझ्या ६०० रुपयांच्या मार्जिनवरचे १८ टक्के.

म्हणूनच मिक्सरची खरेदी मी २,४०० धरतो, २,८३२ नाही. क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची ही वजावट, गेलं तर ते ४३२ माझ्या खर्चात येतात आणि ६०० चे १६८ उरतात.

दहा मिक्सरांवर मला १,०८० भरायचे होते. बिल 2B मध्ये नसेल तर क्रेडिट घेता येत नाही, त्यामुळे ५,४०० भरावे लागले.

आमच्या सीए मॅडम म्हणाल्या, "घाऊकवाल्यांच्या GSTR-1 मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणात, तुमचा जीएसटी क्रमांक टाकलाय का, तेवढं विचारा." तिथेच घोळ निघाला. माझं बिल त्यांनी किरकोळ गिऱ्हाइकांच्या विक्रीत धरलं होतं. कर भरलेला होता, पण तो माझ्या नावावर येत नव्हता. पुढच्या GSTR-1 मध्ये त्यांनी दुरुस्ती केली आणि त्या महिन्याच्या 2B मध्ये ४,३२० दिसले. मिक्सर संपले असले तरी अडचण आली नाही. क्रेडिट त्याच वस्तूच्या विक्रीला बांधलेलं नसतं, ते पंख्यांवरच्या करात वळतं झालं.

मासिक विवरण भरणाऱ्यांची GSTR-1 ची मुदत ११ तारीख असते. त्याआधीच मी आता महिन्याच्या बिलांची यादी घाऊकवाल्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि १४ नंतर 2B शी एकेक बिल ताडून बघतो. राहिलेलं क्रेडिट साधारणपणे आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं.