ढोल-ताशाचा ट्रॅक बांधताना: संथ ठेक्यापासून कल्लोळापर्यंत

आमच्या सोसायटीला विसर्जनासाठी पथक बोलावणं परवडत नाही, म्हणून टेम्पोवर वाजवायला सहा मिनिटांचा ट्रॅक बांधायचं मी अंगावर घेतलं. पुण्यात पथकात ताशा वाजवते, त्यामुळे वाद्यं आणि वादक मित्रमंडळी हाताशी होती.

चार ढोल रेकॉर्ड केले आणि प्रत्येकाला मायक्रोफोनपासून वेगवेगळ्या अंतरावर उभं राहून पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं. एकच रेकॉर्डिंग वीसदा एकावर एक ठेवलं तर एकच ढोल मोठ्याने वाजल्यासारखा वाटतो. पथकाचा भरीव आवाज येतो तो ठोके किंचित मागेपुढे पडल्यामुळे. दहा मीटर मागच्या रांगेचा आवाज पुढे येईपर्यंत सुमारे ३० मिलिसेकंद जातात, तेवढा उशीर मी मागच्या ढोलांना दिला.

सुरुवातीला, मिनिटाला ९२ मात्रांच्या लयीत, हे फार छान वाजलं. मात्रेचे तीन भाग केले तर दोन ठोक्यांत जवळपास २१७ मिलिसेकंद मिळतात, त्यात ३० चा फरक खपून जातो. शेवटी लय १६८ वर गेली की तेच अंतर ११९ वर येतं आणि टिपरूचे, म्हणजे ढोलावरच्या काडीचे, ठोके एकमेकांत सांडतात. त्यात थापेची घुमारी विरायच्या आत पुढची थाप पडते. ओळखायची सोपी खूण म्हणजे ताशा बंद करून नुसत्या ढोलावर टाळी धरून बघायची. टाळी चुकायला लागली की चिखल झाला म्हणून समजायचं.

म्हणून शेवटच्या भागात मागच्या ढोलांचा उशीर दहावर आणला, थापेची शेपटी कापली आणि ढोलाचे ठोकेच कमी केले. मात्रेवर एक ठसठशीत थाप, बस्स. मधली सगळी जागा ताशाच्या काड्यांना दिली. माझ्या मते बेभानपणा ताशा आणतो. त्याला धावायला ढोलाने जमीन धरून ठेवावी लागते.

लयही सलग चढवली नाही, कारण सलग चढली की नाचणाऱ्यांचे पाय सुटतात. एक हात, म्हणजे एक ठेका, पुरेसा घोळवायचा, शेवटच्या दोन आवर्तनांत ताशाने तोडा घेऊन उठाव द्यायचा आणि पुढचा हात वरच्या लयीत उचलायचा. ९२, १०४, ११८, १३२, १५०, १६८ अशा पायऱ्या ठेवल्या. १६८ च्या आधी ढोल पूर्ण थांबवले आणि नुसता ताशा तडतडत ठेवला. त्यानंतर सगळे ढोल एकदम पडले की अंगावर काटा येतो.

टेम्पोवरचे कर्णे अगदी खालचा घुमार देतच नाहीत. त्यामुळे थापेचा त्याहून वरचा भाग थोडा उचलला आणि अंतिम मिक्स हेडफोनऐवजी त्याच कर्ण्यांवर, पार्किंगमध्ये उभं राहून ठरवलं.