नंबर खरा, जर्नल खोटं

मार्च आला की आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात वाचकांपेक्षा कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या फायली जास्त येतात. शोधनिबंधाचं जर्नल तपासून शेरा मारायचं काम ग्रंथपालाचं, म्हणजे माझं. या वेळी अर्थशास्त्राच्या सरांची फाईल आली आणि ती अजून डोक्यातून जात नाही.

निबंध चांगला होता. कांदा उत्पादकांच्या कर्जावरचा, गावोगाव फिरून माहिती गोळा केलेला. मात्र पाठवल्यापासून ७२ तासांत स्वीकृतीपत्र आलेलं, सोबत अडीच हजार रुपये भरायची लिंक. परीक्षकांचा एक शब्द नाही. इतक्या वेळात तर खरा संपादक परीक्षकसुद्धा शोधू शकत नाही.

सर म्हणाले, "मॅडम, आयएसएसएन आहे की!"

होता. पण तो क्रमांक म्हणजे नियतकालिकाची फक्त ओळख, दर्जाचा दाखला नव्हे. मी portal.issn.org वर तो टाकला. एका जुन्या जर्नलची नोंद निघाली, नाव अगदी तेच. मात्र माध्यमासमोर फक्त ‘Print’. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळे क्रमांक मिळतात. इथे छापील अंकाचा क्रमांक उचलून वेबसाइटवर चिकटवला होता. डोमेनची नोंदणी तपासली, तर ती गेल्या वर्षीची. आणि अंकावर खंड २८!

वेबसाइटवरचे जुने अंक उघडून बघितले. गेल्या वर्षाच्या आधीचं काहीच नाही. एकाच अंकात आयुर्वेद, जीएसटी, संतसाहित्य आणि काँक्रीटची ताकद. किराणा दुकानाची यादी बरी. सरांच्या निबंधावरचा डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक, doi.org वर टाकला, तर ‘DOI Not Found’. मग मूळ जर्नलच्या छापील अंकातल्या पत्त्यावर ईमेल केला. त्यांचं उत्तर आलं: आमची वेबसाइटच नाही.

सरांनी निबंध मागे घ्यायचं ठरवलं, तर वेबसाइटवाल्यांनी त्याचेही पैसे मागितले. तो तिथे दिसतोय तोवर दुसरं चांगलं जर्नल तो घेणार नाही, कारण एकदा छापलेलं पुन्हा चालत नाही. अडीच हजारांपेक्षा हे नुकसान मोठं.

पूर्वी निदान मान्य जर्नलांची यूजीसी-केअरची यादी समोर ठेवता यायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केली आणि पारखण्याची जबाबदारी कॉलेजांवर टाकली. आमच्याकडे समिती नेमली गेली. तिची बैठक मात्र मी अजून पाहिलेली नाही.

"कोण बघतंय मॅडम? तिथे निबंधांचा आकडा मोजतात," सर म्हणाले. रागावले नव्हते, थकले होते. आणि मोजणारे खरंच आकडाच मोजतात, हे मलाही ठाऊक आहे.

शेवटी ‘बनावट संकेतस्थळ’ असा शेरा लिहिला, पोर्टलची प्रिंट आणि जर्नलचा ईमेल जोडला. प्राचार्यांचा निरोप आलाय, शेरा जरा सौम्य करता येईल का म्हणून. मी तारीख घालून सही केली आहे.