आमची वाटचाल : पट्टीखालचे कपाळ

आमच्या स्टुडिओत फिल्मची जागा डिजिटल कॅमेऱ्याने घेतली, त्या सुमारास म्हणजे २००४ साली पहिल्या वाढदिवसाचे एक काम आले. बाळ आदल्या दिवशी पडले होते आणि डाव्या भुवईच्या वर पट्टी होती. आई-वडिलांना पट्टीविना १२ × १८ इंची फोटो हवा होता. मी फोटोशॉपच्या क्लोन स्टॅम्पने गालावरची त्वचा उचलून कपाळावर भरली आणि कडा हीलिंग ब्रशने मिसळल्या. मोठ्या छपाईत मात्र तेवढाच भाग लालसर दिसू लागला, कारण बाळाचा गाल कपाळापेक्षा लाल असतो. शिवाय हीलिंग ब्रश भुवईच्या अगदी जवळून फिरल्यामुळे तिचा काळेपणा त्वचेत ओढला गेला होता. “पट्टी गेली, पण अजून लागल्यासारखंच दिसतंय,” असे आजी म्हणाल्या, आणि त्यांचे बरोबर होते. तो फोटो आम्ही विनामूल्य पुन्हा केला.

त्या चुकीतून आमची आजची पद्धत घडली. आता आम्ही उजेड आणि पोत वेगळे करतो. फोटोच्या दोन प्रती घेऊन खालची प्रत त्वचेची रंध्रे दिसेनाशी होईपर्यंत धूसर करायची आणि वरच्या प्रतीवर Apply Image मध्ये खालची प्रत निवडून Subtract, Scale 2, Offset 128 देऊन तिचा मोड Linear Light ठेवायचा (हे आकडे ८ बिट फोटोसाठी आहेत). खालच्या थरावर पट्टीच्या चारही बाजूंचे रंग मऊ ब्रशने, अगदी कमी ओपॅसिटीवर, कपाळाच्या गोलाईनुसार एकमेकांत मिसळतो. निवड पट्टीच्या कडेपेक्षा थोडी बाहेर ठेवावी लागते, नाहीतर तिची बारीक सावली मागे राहते. वरच्या थरावर पोत शेजारच्याच कपाळाचा घेतो. दुसऱ्या बाजूचा तुकडा उलटवून बसवला तर उजेडाची दिशा उलटते आणि डोळ्याला ते खटकते. जावळाचे आणि भुवईचे केस शेवटी एकेक करून रेखाटतो. मग तात्पुरता कॉन्ट्रास्ट खूप वाढवून पाहतो. ठिगळ असेल तर तिथे लगेच उघडे पडते.

चोखणीचे काम याहून फार अवघड आहे, कारण पट्टीखाली फक्त त्वचा असते, पण चोखणीमागे ओठ असतात. चोखताना गाल आत ओढले जातात, चोखणीच्या चकतीचा गोल वळ उमटतो आणि रंगीत प्लॅस्टिकची छटा हनुवटीवर पडते. म्हणून केवळ चोखणी पुसून भागत नाही. त्यासाठी आम्ही त्याच दिवसांतला, तसाच कोन आणि तसाच उजेड असलेला, मिटल्या ओठांचा दुसरा फोटो मागतो, आणि नाकाखालपासून हनुवटीपर्यंतचा भाग त्यातून घेऊन रंग जुळवतो.

गेल्या वर्षी एका कुटुंबाकडे असा दुसरा फोटो नव्हता. कोणत्याही बाळाचे ओठ चालतील, असे ते म्हणाले, परंतु ते आम्ही केले नाही. चोखणी तशीच ठेवली, फक्त तिची हिरवट छटा हनुवटीवरून काढली आणि फोटो छापून दिला.